तिजोरीतले दोन कप्पे

6 जून 2025 ला रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर संजय मल्होत्रा यांनी मुंबईत पतधोरण जाहीर केलं आणि दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांत एक आकडा ठळक छापून आला: बँकांकडे अडीच लाख कोटी रुपये येणार. सीआरआर, म्हणजे रोख राखीव प्रमाण, 4 टक्क्यांवरून 3 टक्क्यांवर आणलं जाणार होतं. सप्टेंबर ते नोव्हेंबरच्या दरम्यान, पाव-पाव टक्क्याच्या चार हप्त्यांत. सरकारने नोटा छापून वाटायला काढल्या की काय, असं माझ्या शेजाऱ्यांना वाटलं. नोटांचा इथे काही संबंध नव्हता. हे पैसे बँकांचेच होते, फक्त रिझर्व्ह बँकेच्या वहीत अडकून पडले होते.

त्याच सुमारास दुसरं एक प्रमाण, एसएलआर किंवा वैधानिक रोखता प्रमाण, 18 टक्क्यांवर निवांत बसलं होतं. एप्रिल 2020 पासून त्याला कुणी हात लावलेला नाही. आकड्याने ते सीआरआरच्या सहापट मोठं, तरी त्याची बातमी होत नाही. मोठं कुंपण दुर्लक्षित आणि लहान कुंपण पहिल्या पानावर, हे असं का, ते समजलं की ही दोन्ही प्रमाणं समजली.

आधी एक गैरसमज दूर करू. दोन्ही टक्के बँकेने दिलेल्या कर्जांवर मोजत नाहीत, बँकेच्या देण्यावर मोजतात. या देण्याला बँकेच्या भाषेत निव्वळ मागणी व मुदत देयता म्हणतात. तुमचं बचत खातं, दुकानदाराचं चालू खातं, आजोबांची मुदत ठेव, बँकेने रोखे विकून उभारलेले पैसे, असं बाहेरच्यांना परत करायचं जे काही आहे ते सगळं यात येतं. भागधारकांचं भांडवल येत नाही, कारण ते परत मागता येत नाही. बँकांची एकमेकींची देणीघेणीही वजा होतात. ‘निव्वळ’ हा शब्द त्यासाठीच. एक टक्का सीआरआर म्हणजे अडीच लाख कोटी, यावरून देशातल्या बँकांचं हे एकूण देणं 250 लाख कोटींच्या घरात होतं, असा हिशेब सरळ मांडता येतो.

आता एक काल्पनिक बँक घेऊ. तिचं देणं 10,000 कोटी रुपये. सीआरआर 3 टक्के, म्हणजे 300 कोटी. ही रक्कम तिला रिझर्व्ह बँकेतल्या स्वतःच्या चालू खात्यात ठेवावी लागते, रोखच. शाखेच्या तिजोरीतल्या आणि एटीएममधल्या नोटा इथे चालत नाहीत. आणि या 300 कोटींवर व्याज शून्य. पूर्वी काही भागावर व्याज मिळायचं, ते 2007 मध्ये बंद झालं. ठेवीदारांना सरासरी 6 टक्के द्यायचे असतील, तर 300 कोटींवर वर्षाला 18 कोटींचं व्याज बँकेच्या खिशातून जातं आणि बदल्यात काही येत नाही. ते 18 कोटी शेवटी कर्जदाराच्या व्याजातून वसूल होतात. सीआरआरला बँकवाले एक प्रकारचा कर मानतात, तो यामुळेच.

हे 300 कोटी रोज तंतोतंत ठेवायचे नसतात, पंधरवड्याची सरासरी जमली पाहिजे. पूर्वी हा पंधरवडा शनिवारी सुरू होऊन दुसऱ्या शुक्रवारी संपायचा. 2025 च्या दुरुस्ती कायद्याने तो 1 ते 15 आणि 16 ते महिनाअखेर असा सोपा केला. मात्र कुठल्याही दिवशी गरजेच्या 90 टक्क्यांखाली, म्हणजे आपल्या बँकेच्या बाबतीत 270 कोटींखाली जायचं नाही. पंधरा दिवसांचा हिशेब करून पाहा. 300 गुणिले 15 म्हणजे 4,500. पहिले दहा दिवस बँकेने 290 कोटीच ठेवले, तर 2,900 झाले. उरलेल्या पाच दिवसांत 1,600 भरून काढायचे, म्हणजे रोज 320. पंधरवड्याच्या सुरुवातीला पैसा स्वस्त मिळतो की शेवटी, यावर बँकेच्या ट्रेझरीतली माणसं हा डाव रोज खेळत असतात. चुकलं तर तुटीवर बँक रेटपेक्षा 3 टक्के जास्त दंडव्याज लागतं, तूट चालू राहिली तर 5 टक्के.

एसएलआरचा कप्पा वेगळा. आपल्या बँकेने देण्याच्या 18 टक्के, म्हणजे 1,800 कोटी, सुरक्षित मालमत्तेत ठेवायचे. पण हे रिझर्व्ह बँकेला द्यायचे नसतात, ते बँकेच्याच मालकीचे राहतात. काय चालतं? रोख नोटा चालतात, सोनं चालतं, आणि केंद्र व राज्य सरकारांचे रोखे आणि ट्रेझरी बिलं चालतात. नोटा आणि सोनं व्याज देत नाहीत, त्यामुळे प्रत्यक्षात हा कप्पा सरकारी रोख्यांनीच भरलेला असतो. अट एकच, हे रोखे कुणाकडे तारण पडलेले नसावेत. साडेसहा टक्के व्याजाने धरलं तर 1,800 कोटींवर वर्षाला 117 कोटी मिळतात. म्हणजे सीआरआरमध्ये पैसा झोपतो आणि एसएलआरमध्ये तो कामाला जातो, फक्त सरकारच्या घरी. एसएलआरला ‘राखीव’ म्हणायची आपल्याकडे सवय आहे, पण नीट पाहिलं तर तेही कर्जच आहे. कर्जदार कोण, ते कायद्याने आधीच ठरवून ठेवलंय, एवढंच.

या फरकाचा एक परिणाम सहज नजरेतून सुटतो. सीआरआर वाढवला की पैसा रिझर्व्ह बँकेत जाऊन थिजतो. एसएलआर वाढवला की बँका रोखे घेतात, पैसा सरकारला जातो, सरकार त्यातून पगार देतं, रस्त्याच्या कंत्राटदाराची बिलं देतं, आणि ती रक्कम फिरून पुन्हा कुठल्यातरी बँकेत ठेव म्हणून येते. म्हणून बाजारातला पैसाच आवरायचा असेल तेव्हा रिझर्व्ह बँक सीआरआरकडे वळते. एसएलआर ठरवतो तो वेगळाच प्रश्न: बँकेकडच्या पैशावर पहिला हक्क कुणाचा.

बहुतेक ठिकाणी स्पष्टीकरण इथेच संपतं: 3 आणि 18 मिळून 21 गेले, उरलेले 79 बँक वाटते. परीक्षेत याला गुण मिळतील, बँकेत मात्र असं घडत नाही. बँक कर्ज देते तेव्हा कपाटातून नोटांची गड्डी काढून देत नाही. समजा आपल्या बँकेने चाकणच्या एका सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्याला 100 कोटींचं कर्ज मंजूर केलं. ती कारखान्याच्या खात्यात 100 कोटी जमा दाखवते. त्या क्षणी कर्जही वाढलं आणि ठेवही. देणं झालं 10,100 कोटी. त्यावर सीआरआर 303 आणि एसएलआर 1,818. एवढ्याने कुणाची झोप उडत नाही, शिवाय गरज दोन पंधरवडे आधीच्या देण्यावर मोजतात, त्यामुळे हाताशी वेळ असतो.

खरी कसोटी लागते ती कारखानदार पोलादाच्या व्यापाऱ्याला पैसे देतो तेव्हा. व्यापाऱ्याचं खातं दुसऱ्या बँकेत. दोन बँकांमधला हा हिशेब रिझर्व्ह बँकेतल्या त्यांच्या चालू खात्यांतून मिटतो, म्हणजे सीआरआर ज्या खात्यात ठेवला आहे त्याच खात्यातून. तिथले 300 कोटी 200 झाले. देणं परत 10,000 कोटींवर आलं, गरज पुन्हा 300 ची, आणि हातात 200. आता शंभर कोटी आणायचे कुठून?

दुसऱ्या बँकेकडून एका रात्रीपुरते उसने घेता येतील, पण ते मिळतील त्या भावाने. नव्या ठेवी मिळवता येतील, पण त्याला दिवस लागतात. तिसरा रस्ता सरकारी रोखे तारण ठेवून पैसे उचलण्याचा, म्हणजे रेपोचा. आणि इथे दुसरं प्रमाण समोर येऊन उभं राहतं. आपल्या बँकेकडे नेमके 1,800 कोटींचेच रोखे असतील, तर ते अडकलेले. तारण ठेवले की ते एसएलआरमध्ये मोजले जाणार नाहीत आणि तिकडे तूट पडेल. हेच रोखे 2,600 कोटींचे असते, तर वरच्या 800 कोटींतून 100 कोटींचे रोखे तारण ठेवून काम भागलं असतं. बँकेचा हात किती सैल आहे हे पाहायचं तर एसएलआरच्या टक्केवारीपेक्षा त्याच्या वर किती रोखे शिल्लक आहेत ते पाहावं. सीआरआर बँकेला रोज रोकड जमवायला लावतो, आणि ती रोकड जिच्या जोरावर उभी करायची त्या मालमत्तेला एसएलआर कुलूप घालतो.

हे नातं कायदा करणाऱ्यांना पहिल्यापासून दिसलं होतं असं नाही. सीआरआर आला 1934 च्या रिझर्व्ह बँक कायद्याच्या कलम 42 मधून. एसएलआर आला 1949 च्या बँकिंग कायद्याच्या कलम 24 मधून. तेव्हा रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर आपले रायगड जिल्ह्यातले चिंतामणराव देशमुख होते. सुरुवातीला एसएलआर 20 टक्के होता, आणि सीआरआरपोटी ठेवलेली रोकडही त्यातच धरली जायची. यात फट होती. रिझर्व्ह बँकेने पतपुरवठा आवळायला सीआरआर वाढवला, की बँका सरकारी रोखे विकून ती रोकड भरायच्या. रोखे कमी झाले आणि रोकड वाढली, तरी दोन्हींची बेरीज तीच, त्यामुळे एसएलआरही सांभाळला जायचा आणि कर्जं होती तशी चालू राहायची. एका हाताने ओढलेली दोरी दुसऱ्या हाताने सैल. 1962 च्या दुरुस्तीने ही पळवाट बुजवली. एसएलआर 25 टक्के झाला आणि सीआरआरची किमान रोकड त्यातून वगळली गेली. दोन कप्पे खऱ्या अर्थाने वेगळे झाले ते तेव्हा.

पण कुंपण एकदा घातलं की त्यात कुणाची गुरं चरतात, हाही प्रश्न येतोच. पुढच्या तीस वर्षांत सरकारची तूट वाढत गेली आणि एसएलआर हे ती भागवायचं सोयीचं साधन झालं. सप्टेंबर 1990 मध्ये तो 38.5 टक्क्यांवर पोचला होता. कायद्याची कमाल मर्यादा 40. सीआरआर त्याआधीच 15 टक्क्यांवर होता. दोन्ही मिळून 53.5. मे 1991 मध्ये नव्याने वाढणाऱ्या देण्यावर आणखी 10 टक्के सीआरआर लागू झाला. म्हणजे त्या उन्हाळ्यात तुम्ही बँकेत नवे 100 रुपये ठेवले असते, तर त्यातले साडेत्रेसष्ट बँकेच्या हातात आल्याआल्या गेले असते. राहिले साडेछत्तीस. कर्जांपैकी 40 टक्के शेती, लघुउद्योग अशा अग्रक्रमाच्या क्षेत्राला द्यायची अट होतीच. म्हणजे आणखी साडेचौदाच्या आसपास गेले. मॅनेजरच्या स्वतःच्या निवडीसाठी उरले जेमतेम बावीस रुपये. त्यात सरकारी रोख्यांवरचं व्याज लिलावात ठरत नसे, सरकारला परवडेल असं बाजारभावाच्या खाली ठेवलेलं असे. ती तूट भरून काढायला बँका उरलेल्या कर्जदारांना चढ्या दराने कर्ज देत. त्या काळात घर बांधण्यासाठी बँकेकडे कर्ज मागणाऱ्या मध्यमवर्गीय माणसाला हेलपाटे का घालावे लागत, याचं बरंचसं उत्तर या बेरजेत आहे. साहेबाची मर्जी हे कारण त्याच्या नंतरचं.

त्याच वर्षी एम. नरसिंहम यांच्या समितीने एसएलआर टप्प्याटप्प्याने 25 टक्क्यांवर आणायला सांगितलं. ऑक्टोबर 1997 मध्ये तो तिथे आला. मधल्या काळात, 1992 पासून, रोख्यांचे लिलावही सुरू झाले आणि सरकारला बाजारभावाने व्याज मोजावं लागू लागलं.

सीआरआरची धार मात्र आपल्या पिढीने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली आहे, फक्त तेव्हा सगळ्यांचं लक्ष रांगेत होतं. 8 नोव्हेंबर 2016 ला पाचशे-हजाराच्या नोटा बंद झाल्या आणि लोकांनी त्या बँकांत आणून भरल्या. ठेवींचा पूर आला. बँकांना एवढ्या पैशाला गिऱ्हाईक मिळेना. त्या काळात एरवी असा जादा पैसा रिझर्व्ह बँक सरकारी रोखे तारण देऊन रोज शोषून घेत असे, पण पुराच्या मानाने तिच्याकडचे रोखे अपुरे पडतील अशी चिन्हं दिसू लागली. 26 नोव्हेंबरला तिने फर्मान काढलं: 16 सप्टेंबर ते 11 नोव्हेंबर या काळात बँकेचं देणं जेवढं वाढलं, त्या वाढीवर शंभर टक्के सीआरआर. नेहमीचे 4 टक्के वेगळेच. बँकेत ठेव वाढली, पासबुकात ती दिसली, ठेवीदाराला तिच्यावर व्याजही द्यायचं, आणि त्यातला एक रुपयाही कर्जाऊ देता येत नाही, अशी स्थिती दोन आठवडे होती. सरकारने याच कामासाठी खास रोखे काढायची मर्यादा 6 लाख कोटींपर्यंत वाढवल्यावर 10 डिसेंबरपासून ही अट उठली. पूर आवरायला सीआरआर एका रात्रीत वापरता येतो. त्याची किंमत बँकेच्या नफ्यातून जाते.

मग आज एसएलआर कुणाला अडवतो? माझं मत असं, की मोठ्या बँकांपैकी बहुतेकींना अडवतच नाही. कायदा मागतो 18, बँका ठेवतात देण्याच्या पाव हिश्शाच्या आसपास. 2004 च्या सुमारास बंधन 25 चं होतं तेव्हा हा आकडा 40 च्या वर होता. याला देशप्रेम म्हणता येणार नाही. सरकारी रोख्यावर बँकेला बुडीत धोक्यापोटी वेगळं भांडवल बाजूला काढावं लागत नाही, अडचणीला ते ताबडतोब तारण ठेवता येतात, आणि अचानक ठेवी काढल्या गेल्या तर तग धरण्यासाठीचे जे नवे नियम आले त्यांतही हेच रोखे मोजले जातात. त्यामुळे एसएलआर उद्या 18 वरून 17 केला, तरी कर्जं वाढतीलच असं नाही. सीआरआरचं तसं नाही. बिनव्याजी खात्यात गरजेपेक्षा जास्त पैसा कुणी हौसेने ठेवत नाही, त्यामुळे तिथली प्रत्येक कपात लगेच हाताला लागते. पहिल्या पानाच्या बातमीचं रहस्य हेच.

एसएलआर अजून चावू शकतो, पण तो ज्याला त्याची सवय नाही त्याला. मुंबईतलं अलीकडचं मोठं उदाहरण म्हणजे 1 जुलै 2023 ला एचडीएफसी ही गृहकर्ज कंपनी एचडीएफसी बँकेत विलीन झाली ते. गृहकर्ज कंपनीला बँकेसारखा सीआरआर नव्हता. तिचा पैसा बहुतांशी रोखे आणि कर्जं उभारून आलेला आणि घरांच्या कर्जांत गेलेला. विलीन होताच ते सगळं बँकेचं देणं झालं. दोन्ही प्रमाणं हळूहळू लागू व्हावीत यासाठी सवलत मागितली गेली होती, पण रिझर्व्ह बँकेने पहिल्या दिवसापासून पूर्ण पाळा असं सांगितलं. गृहकर्ज पंधरा-वीस वर्षांचं, उद्या परत मागता येत नाही. मग रोख्यांसाठी आणि रोकडीसाठी पैसा नव्याने आणणं भाग. विलीनीकरणानंतर बँकेची कर्जं ठेवींपेक्षा जास्त झाली, म्हणजे कर्ज-ठेव प्रमाण शंभराच्या वर गेलं, आणि पुढे तिने कर्जवाढीचा वेग मुद्दाम मंदावला आणि ठेवी जमवण्यावर भर दिला.

इथे वाचक विचारेल, 21 टक्के बांधलेले असताना कर्जं ठेवींपेक्षा जास्त कशी? कारण बँक फक्त ठेवींतून कर्ज देत नाही. भांडवल असतं, रोखे विकून आणलेला पैसा असतो. भांडवलावर ही प्रमाणं लागत नाहीत. 2014 पासून पायाभूत प्रकल्प आणि परवडणाऱ्या घरांसाठी काढलेल्या दीर्घ मुदतीच्या रोख्यांनाही दोन्हींतून सूट आहे. तुमच्या बँकेच्या तिमाही निकालांत हे प्रमाण 80 च्या आसपास दिसलं तर तिचा हात मोकळा आहे. ते 90 च्या पुढे सरकू लागलं, आणि त्याच वेळी बँक मुदत ठेवीवर इतरांपेक्षा अर्धा-पाऊण टक्का जास्त देऊ लागली, तर आत कुठेतरी हे दोन कप्पे भरायची धावपळ चालू आहे असं समजायला हरकत नाही.

आणि धावपळ फारच झाली तर? कायद्याने कुलूप घातलेल्या एसएलआरच्या कप्प्याला मागे एक लहान दार ठेवलेलं आहे. दिवसाच्या शेवटी सगळे रस्ते बंद झाले, तर बँकेला देण्याच्या 2 टक्क्यांपर्यंत एसएलआरमधलेच रोखे रिझर्व्ह बँकेकडे ठेवून एका रात्रीपुरता पैसा उचलता येतो. आपल्या बँकेच्या बाबतीत 200 कोटी. चाकणच्या कारखानदाराने पोलादवाल्याला दिलेले शंभर कोटी त्यातून त्या रात्री भागतील. व्याज रेपोपेक्षा पाव टक्का जास्त, आणि सकाळी पुन्हा तोच प्रश्न.